पेन्सिलीनं लिहिलेलं साल

अण्णांच्या ऑफिसात आलेल्या प्रत्येक बिलावर उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीनं साल लिहिलेलं असायचं. नुसतं साल नाही, आर्थिक साल. तेवीस-चोवीस, चोवीस-पंचवीस, असं. अण्णा म्हणजे जयपाल मगदूम, करसल्लागार, गणपती पेठ, सांगली. त्यांचं अक्षर गोल होतं, पण हात असा जड की पेन्सिलीचा माग कागदाच्या पाठीमागं उमटायचा. मी गमतीनं म्हणायची, अण्णा, तुम्ही लिहीत नाही, कोरता. ते म्हणायचे, लिहिलेलं पुसतं, कोरलेलं पुसत नाही. तेव्हा आम्ही दोघंही हसायचो.

मी मंगल. चौऱ्याण्णव सालच्या एप्रिलमध्ये त्यांच्याकडं कामाला लागले, तेव्हा एकोणीस वर्षांची होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते. पहिल्याच दिवशी अण्णांनी पुढ्यात बिलांचा ढीग टाकला आणि सालाप्रमाणे लाव म्हणाले. मी झपाझप लावला. चौऱ्याण्णवच्या जानेवारीची बिलं चौऱ्याण्णवच्या गठ्ठ्यात, त्यात विचार तो काय करायचा? अण्णांनी चष्मा कपाळावर चढवला आणि सगळा ढीग परत मोडला.

"मंगल, आपलं साल एप्रिलला सुरू होतं आणि मार्चला संपतं. एप्रिल ते डिसेंबर असेल तर बिलावरचं साल आणि त्याच्या पुढचं. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च ही तीन लेकरं मागच्या घरची. भिंतीवरचं कॅलेंडर बदललं म्हणून लेकरं घर बदलत नाहीत. आणि तारीख बघायची ती बिलावरची. माल कधी आला, पैसे कधी दिले, बिल हातात कधी पडलं, ते सगळं नंतर. आधी बिलावरची तारीख."

एवढंच. तीस वर्षं मी याच चार वाक्यांवर भाकरी खाल्ली. विक्रीकर गेला, व्हॅट आला, व्हॅट गेला, जीएसटी आला. ही तीन लेकरं काही घर सोडून गेली नाहीत.

ऑफिसची कामाची पद्धत साधी होती. बिलं आली की आधी अण्णांच्या टेबलावर जायची. ते तारीख बघून कोपऱ्यात साल टाकायचे, मग मी त्या सालाच्या फायलीत लावून कॉम्प्युटरवर चढवायची. त्या पेन्सिलीवर माझा इतका विश्वास बसला होता की मी छापील तारखेकडं बघायचंच सोडून दिलं होतं. कोपऱ्यातलं साल बघायचं, रकमा चढवायच्या, संपलं. हे मी आता कबूल करते, कारण पुढं जे झालं त्यात माझाही वाटा आहे. लोक समजतात तेवढी मी साधी नाही आणि तेवढी थोरही नाही.

कुंडलचा पृथ्वीराज लाड आमचा पक्षकार. फौजेत गाड्या आणि यंत्रं दुरुस्त करायच्या विभागात सतरा वर्षं काढून हवालदार म्हणून निवृत्त झाला आणि गावी येऊन लेथचं वर्कशॉप टाकलं. बोटं अशी तयार की लोखंडावरून अंगठा फिरवून किती झिजलंय ते सांगायचा. त्यानं बँकेचं कर्ज काढून साताऱ्याच्या एका व्यापाऱ्याकडून कॉम्प्युटरवर चालणारं सीएनसी मशीन घेतलं. एकवीस लाखांचं मशीन, त्यावर तीन लाख अठ्ठ्याहत्तर हजार जीएसटी. हा जीएसटी त्याला त्याच्या दर महिन्याच्या करातून वळता करून मिळणार होता. क्रेडिट म्हणतात त्याला. त्या भरवशावरच त्यानं बँकेच्या हप्त्यांचं गणित बसवलं होतं.

साताऱ्याच्या व्यापाऱ्यानं बिल फाडलं एकतीस मार्च दोन हजार चोवीसला. त्या दिवशी रविवार होता, पण मार्चअखेर. विक्रीचा आकडा आपल्या त्याच सालात बसवायची त्याला घाई. मशीन मात्र कुंडलला पोचलं बुधवारी, तीन एप्रिलला. अण्णांना पूजेला बोलावलं होतं. नारळ फोडला, पेढे वाटले, आणि पृथ्वीराजनं तिथंच अण्णांच्या हातात बिल ठेवलं. अण्णांनी खिशातली पेन्सिल काढून तिथंच मशीनच्या पत्र्यावर कागद ठेवला आणि कोपऱ्यात साल लिहिलं. मी शेजारीच उभी होते. पेढा खात होते. काय लिहिलं ते बघितलंसुद्धा नाही.

त्यानंतरचं सगळं अगदी नियमानं झालं, हीच तर रड आहे. विकणाऱ्यानं सरकारला कळवलेली बिलं जीएसटीच्या पोर्टलवर महिन्याच्या तक्त्यात दिसतात. मार्चच्या तक्त्यात तीन लाख अठ्ठ्याहत्तर हजार आले होते. पण माझ्या मार्चच्या फायलीत असलं काही बिल नव्हतं, आणि हातात बिल नसेल तर क्रेडिट घ्यायचं नाही हा अण्णांचाच दंडक. मी तो आकडा वगळला आणि वहीत लिहून ठेवलं, विचारायचं. ते राहूनच गेलं. इकडं चोवीस-पंचवीसच्या फायलीत ते बिल होतं, आणि एप्रिलच्या तक्त्यात त्याचा पत्ता नव्हता. मेच्या नाही, जूनच्या नाही. मी अण्णांना विचारलं तर म्हणाले, "व्यापाऱ्यानं अजून कळवलं नसेल. येईल. साल चोवीस-पंचवीसचं आहे, पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबरपर्यंत मुदत आहे." एका फायलीत आकडा होता बिलाशिवाय, दुसऱ्या फायलीत बिल होतं आकड्याशिवाय, आणि दोन्ही फायली माझ्या एकाच कपाटात होत्या.

मुदतीचं गणित असं. बिल ज्या आर्थिक सालातलं, ते साल संपल्यावर जो तीस नोव्हेंबर येतो, तिथपर्यंतच क्रेडिट घेता येतं. बिल एक एप्रिल चोवीसचं असतं तर पंचवीसच्या नोव्हेंबरपर्यंत वेळ होता. एकतीस मार्चचं म्हणजे चोवीसच्या नोव्हेंबरपर्यंतच. तारीख एक दिवस अलीकडं, मुदत एक वर्ष अलीकडं.

डिसेंबरच्या चार तारखेला पृथ्वीराज ऑफिसात आला. अण्णा जेवायला घरी गेले होते. बसला, पाणी प्याला.

"मंगलताई, त्या मशीनच्या टॅक्सचं काय झालं वो? दर म्हैन्याला मी रोख भरतुय. आण्णा म्हणत्यात येतंय, येतंय. कवा येणार? बँकवाला लय मागं लागलाय."

मी फाईल काढली, व्यापाऱ्याला फोन लावावा म्हणून बिल नंबर बघितला. नंबराच्या शेजारीच तारीख होती. ठळक छापलेली. एकतीस, तीन, दोन हजार चोवीस. आणि वर कोपऱ्यात पेन्सिलीनं, त्या गोल अक्षरात, चोवीस-पंचवीस.

 तीस नोव्हेंबर होऊन चार दिवस झाले होते. चार दिवस! मी पृथ्वीराजला म्हटलं, सोमवारी या, तोवर बघून ठेवते. तो गेल्यावर मी खुर्चीत बसले आणि रडू आलं. पैशासाठी नाही. पैशाचं रडू नंतर आलं. आधी आलं ते अण्णांसाठी.

कारण गेलं वर्षभर मी बघत होते आणि बघितलं नाही असं करत होते. चष्मा डोळ्यावर ठेवून चष्मा शोधणं ठीक, ते आपण सगळेच करतो. पण अण्णा जेवून यायचे आणि तासाभरानं परत जेवायला घरी निघायचे. पोस्टात निघायचे आणि जिन्यातून परत येऊन विचारायचे, मी कुठं निघालो होतो गं? मी म्हणायची, वय झालं अण्णा, चौऱ्याहत्तरीत तुम्हाला काय पळायला जायचंय? असं म्हटलं की बरं वाटायचं, त्यांना आणि मला. पण हे पेन्सिलीतलं साल तसं नव्हतं. मशीन एप्रिलमध्ये आलं, पूजा एप्रिलमध्ये झाली, म्हणून बिलही एप्रिलचं. असली चूक मी एकोणीस वर्षांची असताना करत होते. अण्णा कधीच नाही.

त्या संध्याकाळी घरी नवऱ्याला सांगितलं. आकाराम एसटीत कंडक्टर होता, हिशेब म्हणजे त्याच्या दृष्टीनं संध्याकाळी पेटीतले पैसे जुळले की झालं.

"सरळ सांगून टाक त्यास्नी," तो म्हणाला. "चूक त्यांची हाय, तू का जळतीयास?"

"त्यांना कळलं तर ते पेन्सिल खाली ठेवतील."

"ठेवू दे की. वय झालं आता."

"तुला कळणार नाही. पेन्सिल ठेवली तर त्या माणसाकडं दुसरं काय आहे?"

 सकाळी मी लवकर ऑफिसात गेले, खोडरबर घेतला आणि ते साल पुसून टाकलं. पुसलं जातंच ना, पेन्सिलीचं. माग राहिला, पण तो कोण बघतंय?

सोमवारी पृथ्वीराज आला तेव्हा अण्णा समोर बसले होते. मी उभी राहून सांगितलं की बिल एकतीस मार्चचं होतं, मी ते चुकून पुढच्या सालाच्या फायलीत लावलं, मुदत निघून गेली, क्रेडिट आता मिळणार नाही. एका दमात सांगितलं, मध्ये थांबले असते तर पुढचं बोलता आलं नसतं.

अण्णांनी हात पुढं केला. मी बिल दिलं. त्यांनी तारीख वाचली, कोरा कोपरा बघितला.

"यावर साल का नाही?"

"तुमच्याकडं न देताच मी लावलं, अण्णा. पूजेच्या गडबडीत."

त्या दिवशी अण्णांचं डोकं लख्ख होतं. दैवाला तोच दिवस सापडला. "एकतीस मार्च चोवीस म्हणजे कुठलं साल?" त्यांनी मला पक्षकारासमोर विचारलं, शाळेतल्या मास्तरांसारखं.

"तेवीस-चोवीस."

"मार्च कुणाच्या घरचा?"

"मागच्या घरचा."

"तीस वर्षं! तीस वर्षं शिकवलं तुला. बिलावरची तारीख बघ, मनातली नको, हे किती वेळा सांगितलं? आपल्या ऑफिसात आजवर एका बिलाचं साल चुकलं नव्हतं मंगल." आणि त्यांचा आवाज चिरकला. "या पोरानं सीमेवर कमावलेल्या पैशाचं तू पाणी केलंस."

मी खाली बघत उभी होते. शब्द न् शब्द त्यांचाच होता आणि त्यांनाच लागणार होता, आणि मी मध्ये उभी राहून अंगावर घेत होते. तेवढं केलं मी. दुसरं काही करायचं सुचलं नाही.

पृथ्वीराजनं अण्णांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग म्हणाला, "म्हंजे गेलं? सगळं?"

अण्णा म्हणाले, "क्रेडिट गेलं. जे क्रेडिट मिळालं नाही ते मशीनच्या किमतीत धरता येईल, त्यावर घसारा मिळेल, आयकर थोडा कमी होईल. पण ते वर्षावर्षानं, थोडं थोडं. मी तुझी भरपाई करतो. माझ्याकडं ठेव आहे."

"तुमचे पैशे मला नगंत, आण्णा. तुमी माज्या बापाच्या जागी हायसा." तो उठला. त्याचे कान लाल झाले होते. "पर ह्या बाईच्या हातात माजी कागदं न्हाई ऱ्हाणार. फौजेत असली चूक केली असती तर हिला दारात उभं केलं नसतं कुणी." त्यानं फाईल उचलली, बिलासकट, आणि गेला.

अण्णा खिडकीकडं बघत बसले. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "किल्ली ठेव मंगल."

मला वाटलं कपाटाची मागतायत. ऑफिसची मागत होते.

"चूक माफ करता येते. तारीख न बघता काम करणारा माणूस मला इथं ठेवता येत नाही. उद्यापासून येऊ नकोस."

मी किल्ली टेबलावर ठेवली. चहाचा कप विसळून पालथा घातला, तीस वर्षांची सवय. जिना उतरताना वाटलं, मागनं हाक येईल. हाक आली नाही. अण्णांचा रागही त्यांच्या अक्षरासारखाच, एकदा उठला की कोरलेला.

पुढचे तीन महिने मी मार्केट यार्डात एका पेंडीच्या दुकानात बिलं चढवत होते. मालक बरा होता. पण तिथं कुणी कोपऱ्यात काही लिहीत नसे, आणि मी प्रत्येक बिलाची तारीख तीन-तीनदा वाचायची. आता वाचून काय उपयोग, असं स्वतःलाच म्हणायची आणि परत वाचायची. अण्णांचा राग यायचा. मग अण्णांची आठवण यायची. मग स्वतःचाच राग यायचा की पेढा खाताना एकदा मान वळवून बघितलं असतं तर!

फेब्रुवारीत राजमतीकाकूंचा फोन आला. अण्णांच्या बायकोचा. त्या माझ्यावर रागावल्या नव्हत्या, किंवा रागावल्या असल्या तरी त्या दिवशी विसरल्या होत्या.

"अगं, ह्यांना डॉक्टरांकडं नेलं होतं. घराचा रस्ता चुकले परवा, दत्त मंदिराजवळ सापडले. डॉक्टरनी बरंच काही विचारलं. आज कुठलं साल आहे म्हणाले, तर हे म्हणतात, चोवीस-पंचवीस. डॉक्टरनी चुकलं म्हणून फुली मारली."

"काकू, ते बरोबर आहे. फेब्रुवारी पंचवीस म्हणजे चोवीस-पंचवीसच. डॉक्टरना सांगा."

"मी सांगितलं गं. ते हसले नुसते." आणि काकू रडायला लागल्या. मीही. पेंडीच्या पोत्यावर बसून रडले, मालक हिशेबाची वही तोंडावर धरून बसला बिचारा.

मार्च संपत आला. पाडवा रविवारी होता, आणि सोमवारी एकतीस. दुपारी जेवायला घरी आले होते, तर दारात चारचाकी थांबली. पृथ्वीराज उतरला. मी मनात म्हटलं, आता हा आणखी काय न्यायला आलाय?

तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. हातात ते बिल होतं.

"मंगलताई, मला माफ करा. काल पाडव्याला मशीनची पूजा केली, कागदं पुढं मांडली हुती. ह्यावरनं सहज आंगठा फिरवला. आमचा आंगठा गप बसत न्हाई. कोपऱ्यात खड्डं लागलं. बॅटरी तिरकी धरून बघितलं." त्यानं कागद माझ्यापुढं धरला. "ह्ये अक्षर तुमचं न्हाई. मला ठावं हाय ह्ये कुणाचं. माज्या मशीनच्या पत्र्यावर ठिवून लिव्हलं हुतं, तवा ध्यानात न्हाई आलं, आत्ता आठवलं."

मी एवढंच म्हटलं, "अण्णांना सांगितलं तुम्ही?"

"सकाळी गेलो हुतो. सांगायचं नव्हतं, पर रागात तोंडातनं गेलं. तुमच्यावर अन्याव झाला ना वो माज्या हातनं. आयकलं आन् म्हणालं, मला मंगलकडं न्हे. गाडीत हायत. काकूबी हायत."

मी पायात चप्पल न घालताच धावले. अण्णा मागच्या सीटवर बसले होते, इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन्सिल. इतके बारीक झाले होते की शर्टच बसलाय असं वाटावं. काकूंनी धरून उतरवलं. घरात आणून मी त्यांना खुर्चीवर बसवलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि ओळखलं. ओळखलं, हे मी मुद्दाम लिहिते, कारण त्यानंतर सगळे दिवस तसे नव्हते.

"मंगल," ते म्हणाले, "मी तुला उगीच बोललो. तू पुसलंस?"

मी मान हलवली.

"का पुसलंस?"

 पृथ्वीराज भिंतीला टेकून उभा होता, जमिनीकडं बघत. काकूंनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं, आता अण्णा म्हणतील, चूक माझी होती. तीन महिने मी याच वाक्याला भीत होते, आणि खोटं कशाला बोलू, त्याच वाक्याची वाटही बघत होते.

अण्णांनी बिल मांडीवर घेतलं. चष्मा कपाळावर चढवला, कागद डोळ्यांजवळ नेला. तारखेवर बोट ठेवलं आणि शाळेत शिकवावं तसं सावकाश म्हणाले, "एकतीस मार्च. दोन हजार चोवीस. म्हणजे चोवीस-पंचवीस." मग बोट वर कोपऱ्यात नेलं, त्या मागावर. "इथं मी काय लिहिलंय? चोवीस-पंचवीस. मग बरोबरच आहे की! तू त्याच फायलीत लावलंस. तू चुकलीच नाहीस मुळी." आणि ते हसले, मोठा बोजा उतरल्यासारखे. "उगीच तुझी किल्ली घेतली मी. आपल्या ऑफिसात एकाही बिलाचं साल चुकलेलं नाही, मंगल. एकाही नाही."

 मार्च मागच्या घरचा, अण्णा. तीन लेकरं मागच्या घरची. माझ्या जिभेवर होतं ते. डिसेंबरात त्यांनीच मला पक्षकारासमोर घोकून घेतलं होतं. मी पृथ्वीराजकडं बघितलं. त्याचे तीन लाख अठ्ठ्याहत्तर हजार गेले होते, बँकेचा हप्ता अजून डोक्यावर होता. बोलायचा पहिला हक्क त्याचा होता.

पृथ्वीराज पुढं आला, अण्णांच्या खुर्चीशी गुडघ्यावर बसला आणि म्हणाला, "व्हय आण्णा. बरूबर हाय. चोवीस-पंचवीसच."

"मग मंगल बरोबर होती?"

"मंगलताई बरूबर हुत्या. माजीच चूक झाली. उगं बोललो त्यास्नी."

अण्णांनी खिशातनं ऑफिसची किल्ली काढून माझ्या हातात दिली. मग पेन्सिल दिली. लाकूड दातांनी चावलेलं, टोक नेहमीसारखं अणकुचीदार. काकू म्हणाल्या, रोज सकाळी टोक करतात, मग दिवसभर खिशात ठेवतात.

"पुसलंयस ते परत लिही," अण्णा म्हणाले. "कोपरा कोरा चांगला दिसत नाही. उद्या एक तारीख, नवी फाईल काढावी लागेल."

मी बिल टेबलावर ठेवलं. त्यांच्या अक्षराच्या मागावरनं, अगदी त्याच गोलाईनं, चोवीस-पंचवीस लिहिलं. हात जड केला, त्यांच्यासारखा. तीस वर्षांत पहिल्यांदा मी तारीख बघून, समजून उमजून, चुकीचं साल लिहिलं. अण्णांनी कागद परत डोळ्यांजवळ नेला, तारीख वाचली, साल वाचलं, माझ्या हातातली पेन्सिल मागून घेतली आणि शेजारी बरोबरची खूण केली.